उपमा जिथे तुटते, ते त्याच स्लाइडवर लिहा

गुरुत्वीय लहरींवरचं, म्हणजे अवकाशालाच ताणत-आकसवत जाणाऱ्या लहरींवरचं एक सादरीकरण होतं, मूळचं संशोधकांसाठी तयार केलेलं. तेरा ते सोळा वर्षांच्या मुलांसमोर ते मांडायचं होतं, म्हणून त्यातल्या सर्वांत अवघड स्लाइड रोजच्या दाखल्यांमध्ये बसवण्याचं काम माझ्याकडे आलं. सूत्रं असलेली पहिलीच स्लाइड काढून मी तिथे ताणलेल्या रबरी चादरीचं चित्र टाकलं. मधे एक जड गोळा, चादरीला पडलेला खोलगा, आणि दोन गोळे एकमेकांभोवती फिरू लागले की चादरीवर उठणारे तरंग. मुलं खूश झाली. मग पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं विचारलं, "जागाच ताणली जाते म्हणता, तर त्या जागेतला प्रकाशही ताणला जाणार ना? मोजपट्टीपण रबराचीच असेल तर ताण मोजणार कशानं?"

प्रश्न अगदी नेमका होता. या विषयात नव्यानं शिरणारे भौतिकशास्त्राचे विद्यार्थीही हाच प्रश्न विचारतात आणि त्याला चांगलं, पूर्ण उत्तर आहे. पण माझ्या चादरीतून ते उत्तर निघत नव्हतं. चादरीनं तिला प्रश्नापर्यंत आणलं आणि तिथेच सोडून दिलं. ती चादर मी नंतर काढून टाकली, आणि अवघड स्लाइडच्या जागी उपमा घालताना नेमकं काय करायचं असतं, याबद्दल माझं मत तेव्हापासून बदललं.

या कामाबद्दल दोन टोकाची मतं ऐकू येतात. काही संशोधकांना उपमा म्हणजे सौम्य शब्दांत सांगितलेलं खोटं वाटतं. मुलांना नंतर ते पुसून नव्यानं शिकावं लागतं, त्यापेक्षा थोडं कमी सांगा पण खरं सांगा, असं ते म्हणतात. दुसरीकडे विज्ञानप्रसार करणाऱ्या अनेकांना स्लाइडवर एकही सूत्र, एकही आलेख नको असतो. मुलांना मजा आली, आवड निर्माण झाली, की काम झालं. मला दोन्ही पटत नाहीत. उपमा हव्यातच, पण पुढच्या प्रश्नाचं ओझं पेलतील अशाच हव्यात, आणि त्या कुठे तुटतात हे त्याच स्लाइडवर, त्याच आकाराच्या अक्षरांत लिहिलेलं हवं. तोंडी सांगू, नंतर सांगू असं म्हटलं की ते राहून जातं.

उपमा पेलते म्हणजे काय, याचं एक सुंदर उदाहरण १९८३ साली डेड्री गेंटनर आणि डोनाल्ड गेंटनर यांनी केलेल्या अभ्यासात आहे. विजेच्या मंडलाचा विचार करताना काही विद्यार्थी वाहत्या पाण्याच्या उपमेनं विचार करतात, तर काही फाटकातून जाणाऱ्या गर्दीच्या. बॅटऱ्या एकापुढे एक जोडल्या किंवा शेजारी-शेजारी जोडल्या तर काय होईल, या प्रश्नात पाणीवाले सरस ठरले, कारण पाण्याच्या टाक्या एकावर एक ठेवल्या की दाब वाढतो आणि शेजारी ठेवल्या की वाढत नाही, हे त्यांना उपमेतच दिसत होतं. रोधकांच्या प्रश्नात मात्र गर्दीवाले पुढे गेले, कारण एका फाटकाशेजारी दुसरं फाटक उघडलं की जास्त माणसं बाहेर पडतात, हे गर्दीत चटकन कळतं. वीज पाण्यासारखी दिसत नाही आणि गर्दीसारखीही नाही. उपयोगी पडतं ते दोन गोष्टींमधलं नातं. हे वाढलं की ते किती वाढतं, हे अडवलं की ते कुठून निघतं, अशा नात्यांचा सांगाडा उपमेत असला तर विद्यार्थी तिच्यावर उभा राहून स्वतः पुढचं उत्तर काढतो. नुसतं दिसण्यातलं साम्य असेल तर तो फक्त चित्र लक्षात ठेवतो.

मॅक्सवेलनं हेच केलं होतं. फॅरडेच्या बलरेषांना गणितात बसवण्यासाठी १८५० च्या दशकात त्यानं नळ्यांमधून वाहणाऱ्या, दाबल्या न जाणाऱ्या एका द्रवाची कल्पना केली, आणि असा द्रव प्रत्यक्षात नाही, तो कल्पित आहे, हेही तिथेच बजावून सांगितलं. त्यामुळे त्याची उपमा खोटी ठरली नाही.

आता त्या सादरीकरणाकडे परत येतो. त्यातल्या तीन अवघड स्लाइड मी निवडल्या.

पहिली स्लाइड आकड्याची. त्यावर h = ΔL/L हे सूत्र होतं आणि त्याखाली १० चा उणे २१ वा घात. १४ सप्टेंबर २०१५ ला गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या अमेरिकेतल्या लायगो वेधशाळेच्या दोन्ही यंत्रांनी, दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळताना उठलेली, पहिली गुरुत्वीय लहर पकडली, तेव्हा तिच्या शिखरावर हे h साधारण एवढं होतं. म्हणजे कोणतंही अंतर घ्या, त्याचे १ वर २१ शून्यं इतके भाग करा, त्यातल्या एका भागाएवढा फरक. लायगोच्या यंत्राला काटकोनात दोन भुजा असतात, एकेका भुजेची लांबी ४ किलोमीटर, तेव्हा तिथला फरक एका प्रोटॉनच्या व्यासाच्या सुमारे चारशेव्या भागाइतका. बहुतेक ठिकाणी हे प्रोटॉनचं वाक्यच 'सोपी उपमा' म्हणून वापरलं जातं. पण प्रोटॉन कुणी पाहिलाय? न दिसणाऱ्या वस्तूचा चारशेवा भाग म्हणजे मुलांसाठी 'खूप खूप लहान' एवढंच. आकडा गेला, विशेषण उरलं.

सूत्रात महत्त्वाचं आहे ते गुणोत्तर. म्हणून गुणोत्तर तसंच ठेवून दोन्ही टोकं ओळखीच्या आकारात आणावी लागतात. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा ४.२ प्रकाशवर्षांवर, म्हणजे सुमारे ४ वर १३ शून्यं इतक्या किलोमीटरवर आहे. त्या अंतराला त्याच घातानं गुणलं तर मिलिमीटरच्या शंभर भागांतले चार भाग येतात, म्हणजे एका बारीक केसाची जाडी. तेव्हा नव्या स्लाइडवर असं आलं: त्या ताऱ्यापर्यंतचं अंतर एका केसाच्या जाडीनं बदललं तर तो बदल ज्या प्रमाणातला, त्याच प्रमाणातला बदल हे यंत्र ओळखतं. वहीवर हा गुणाकार मुलं स्वतः करू शकतात, आणि केला की विश्वासही बसतो. मूळ सूत्र मी खाली राहू दिलं, कारण आता ते त्यांना वाचता येत होतं.

ही उपमा तुटते कुठे? खरी लहर आली तेव्हा ताऱ्यापर्यंतचं अख्खं अंतर असं एकदम ताणलं गेलं नव्हतं. यंत्राला जाणवलेला तिचा भाग जेमतेम ०.२ सेकंदांचा होता, आणि ती प्रकाशाच्या वेगानं जाते, म्हणजे तो भाग सुमारे ६०,००० किलोमीटर लांब. ताऱ्यापर्यंतच्या वाटेवर ती कुठल्याही क्षणी एका छोट्याशा तुकड्यातच असते. हे दोन ओळींत त्याच स्लाइडवर लिहिलं. त्या दोन ओळींमुळे मुलांचा गोंधळ वाढेल असं मला सांगण्यात आलं होतं. झालं उलटंच. 'मग ती आत्ता कुठे असेल?' हा प्रश्न त्या ओळींतूनच आला.

दुसरी स्लाइड यंत्राची, आणि त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर इथे द्यायचं होतं. मूळ स्लाइडवर लेझर, किरण दुभागणारा आरसा, काटकोनातल्या दोन भुजा आणि टोकांचे आरसे यांची आकृती होती, सोबत व्यतिकरणाची समीकरणं. त्याऐवजी मी धावपटू आणले. एका दारातून दोन धावपटू एकाच क्षणी सुटतात, एक सरळ जातो, दुसरा काटकोनात. दोघांचा वेग अगदी सारखा आणि कधीही न बदलणारा. टोकाला शिवून दोघं परत येतात. वाटा सारख्या लांबीच्या असतील तर दोघं बरोबर पोचतील. एक वाट जरा लांबली तर त्या वाटेवरचा उशिरा येईल. कुणाच्याही हातात मोजपट्टी नाही. फक्त कोण मागे राहिला एवढंच बघायचं.

आता रबराच्या मोजपट्टीचा प्रश्न सुटतो, कारण प्रकाश इथे पट्टीचं काम करत नाही, घड्याळाचं करतो. आणि धावपटूंची एकच जोडी नाही, अखंड रांग आहे. वाट ताणली गेली त्या क्षणी वाटेवर असलेला धावपटू स्वतःही थोडा ताणला गेला असेल, हे मुलीचं म्हणणं बरोबरच आहे. पण तो काही क्षणांत बाहेर पडतो, आणि मागून नवा, न ताणलेला धावपटू दारातून निघतो. लेझर त्याला ठरलेल्याच मापाचा पाठवतो. त्याला मात्र लांबलेली वाट नेहमीच्याच वेगानं कापावी लागते. प्रकाशाला ४ किलोमीटर जाऊन यायला सेकंदाचे दहा लाखांतले २७ भाग लागतात. लहरीचा एक हेलकावा मात्र सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास चालतो. म्हणजे एका हेलकाव्यात नव्या धावपटूंच्या शेकडो जोड्या जाऊन येतील. खऱ्या यंत्रात प्रकाश भुजेत सुमारे ३०० वेळा मागेपुढे फिरवला जातो, त्यामुळे तो जास्त वेळ आत राहतो, तरीही सेकंदाच्या काही हजारांश भागात तो बदलला जातोच.

धावपटूंची उपमाही तुटते, आणि ते सांगण्यासारखं आहे. शर्यतीत कोण मागे राहिला हे डोळ्यांनी दिसतं. इथला उशीर इतका सूक्ष्म आहे की तो मोजणारं घड्याळच नाही. म्हणून परत आलेल्या दोन किरणांच्या लाटा एकमेकींवर अशा बसवतात की एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यावर यावा आणि बाहेर जवळजवळ अंधार राहावा. जुळणी किंचित बिघडली की प्रकाश कमी-जास्त झिरपतो, आणि तीच चमक मोजतात. धावपटू एकमेकांना असे पुसून टाकू शकत नाहीत. इथे उपमा सोडून लाटांकडे यावं लागतं, आणि ती सोडण्याची जागा आपणच दाखवली तर मुलं बिनतक्रार सोबत येतात.

उपमा चालली की नाही हे टाळ्यांवरून कळत नाही, 'कळलं का?' विचारूनही कळत नाही. ज्याचं उत्तर स्लाइडवर कुठेही नाही असा प्रश्न टाकायचा आणि वाट बघायची. माझा प्रश्न असा होता: लहरीनं दोन्ही वाटा एकाच वेळी सारख्याच लांबवल्या तर? रबरी चादर पाहिलेली मुलं इथे अंदाज करतात, कारण चादरीत दोन वाटाच नाहीत. धावपटू पाहिलेल्या गटात एका मुलानं लगेच सांगितलं, "मग दोघं बरोबरच येतील. यंत्राला काही कळणारच नाही." याचा अर्थ काय, असं विचारल्यावर थोडं थांबून तो म्हणाला, "म्हणजे काही दिशांनी लहर आली तर हे यंत्र आंधळं असेल." हे कुणी त्याला शिकवलेलं नव्हतं. भुजांच्या प्रतलात, दोन्ही भुजांच्या बरोबर मधून येणाऱ्या लहरीला असं यंत्र खरोखरच प्रतिसाद देत नाही. उपमा किती वजन पेलते, याची यापेक्षा चांगली खूण मला माहीत नाही.

तिसरी स्लाइड सांख्यिकीची, आणि सगळ्यांचा सल्ला होता की ती काढूनच टाका. त्यावर दावा होता की पहिल्या लहरीसारखा संकेत निव्वळ योगायोगानं दिसण्याची शक्यता २,०३,००० वर्षांत एकदाहूनही कमी आहे. हा आकडा दोन्ही यंत्रांच्या १६ दिवसांच्या एकत्रित नोंदींवरून काढला होता. चलाख मुलाला इथे शंका यायलाच हवी: सोळा दिवस बघून दोन लाख वर्षांबद्दल कसं बोलता?

इथे मला उपमा शोधावीच लागली नाही, खरी पद्धतच रोजच्या व्यवहारातली आहे. दोन लांबच्या घरांत दोन पहारेकरी आहेत. दारावर टकटक झाली की दोघं आपापल्या वहीत वेळ लिहितात. कधीकधी दोन्ही वह्यांत एकच वेळ सापडते. ती टकटक खरंच एकाच कारणानं झाली की योगायोगानं? मग एक वही तासाभरानं पुढे सरकवा आणि पुन्हा जुळणाऱ्या वेळा मोजा. या जुळण्या नक्कीच योगायोगाच्या, कारण एका घरातली आताची टकटक दुसऱ्या घरातल्या तासाभरानंतरच्या टकटकीशी एकाच कारणानं जोडलेली असू शकत नाही. दोन तासांनी सरकवा, तीन तासांनी सरकवा. प्रत्येक सरकवणीत योगायोगाचा एक अख्खा नवा कालखंड हाती येतो. लायगोनं हेच केलं. दोन यंत्रांमधलं अंतर सुमारे ३,००० किलोमीटर, प्रकाशाला ते कापायला सेकंदाचा शंभरावा भाग लागतो. त्याहून जास्त अंतरानं एका यंत्राची नोंद दुसरीवर सरकवली की उरतो तो शुद्ध योगायोग. असं लाखो-कोट्यवधी वेळा सरकवून सोळा दिवसांतून लाखो वर्षांचा योगायोग तयार झाला, आणि त्यात त्या संकेताइतकी ठसठशीत जुळणी एकदाही आली नाही.

या स्लाइडच्या खाली मी ठळक लिहिलं: वीज कडाडली आणि दोन्ही घरांची दारं एकदम हादरली, तर वही सरकवून ते पकडता येत नाही. दोन्ही ठिकाणी एकाच वेळी पोचणारा पृथ्वीवरचा गोंगाट या पद्धतीत निसटतो, कारण सरकवलं की त्याची जुळणीच मोडते. म्हणून यंत्राभोवती जमिनीची थरथर, आवाज आणि चुंबकीय बदल टिपणारी उपकरणं बसवलेली असतात आणि संकेताच्या क्षणी ती काय सांगत होती हे वेगळं तपासावं लागतं. माझ्या मते या संपूर्ण सादरीकरणातली ही सर्वांत मोलाची ओळ आहे. कुठल्याही दाव्याला 'यातून काय सुटलं असेल?' हे विचारायची सवय अशाच ओळीतून लागते, आणि स्लाइड काढून टाकली असती तर ती ओळही गेली असती.

एका स्लाइडला मी हात लावला नाही. दोन यंत्रांच्या नोंदींचा मूळ आलेख: वेळेनुसार वरखाली होणारी रेघ, हेलकावे जवळ-जवळ येत जातात, उंच होत जातात आणि मग अचानक विझतात. दुसऱ्या यंत्राची रेघ सेकंदाचे हजारातले ७ भाग सरकवून आणि वरची बाजू खाली अशी उलटी करून पहिलीवर ठेवली की दोन्ही जवळपास एकमेकींवर बसतात. याला काही लोक चित्रानं किंवा गोष्टीनं बदलतात: दोन कृष्णविवरांचं नृत्य, मिठी वगैरे. मला ते मुलांवर अन्याय करणारं वाटतं. अक्षांवर काय आहे हे दोन मिनिटांत सांगितलं की चौदा वर्षांचं मूल हा आलेख स्वतः वाचतं. हेलकावे जवळ येतात म्हणजे फेऱ्या वेगानं होतायत, उंच होतात म्हणजे लहर जोरकस होतेय, विझतात म्हणजे दोनाचं एक झालं. जे थेट दाखवता येतं त्याला दाखला कशाला?

वेळेची तक्रार मात्र खरी आहे. तुटण्याच्या ओळी, परीक्षेचा प्रश्न आणि वहीवरचा गुणाकार धरला तर एका तासात तीनच अवघड स्लाइड होतात. मूळ सादरीकरणात बावीस होत्या. बाकीच्या एकोणीस मी गाळल्या, त्यात यंत्राचे आरसे काचेच्या तंतूंनी कसे टांगतात ही मला अतिशय आवडणारी स्लाइडही गेली. बावीस ओझरत्या उपमांपेक्षा या तीन मला जास्त वाटतात.

त्या मुलाच्या आंधळ्या दिशेचं पुढे काय झालं ते सांगतो. पुढच्या वेळी मी त्या गटाला १७ ऑगस्ट २०१७ ची नोंद दाखवली. दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळले, अमेरिकेतल्या दोन्ही यंत्रांत संकेत स्पष्ट आला, आणि इटलीतलं व्हर्गो नावाचं तिसरं यंत्र सुरू असूनही त्यात तो अगदीच क्षीण होता. का असेल, एवढंच मी विचारलं. तो मुलगा उठून फळ्यापाशी आला, काटकोनात दोन वाटा काढल्या, मधून एक तिरकी रेघ ओढली आणि म्हणाला, "तारे या बाजूला असणार." खगोलशास्त्रज्ञांनीही त्या दिवशी हाच तर्क वापरला होता. स्रोत व्हर्गोच्या आंधळ्या दिशेजवळ असला पाहिजे, हे कळल्यामुळे आकाशातला शोधायचा भाग खूपच आकसला, आणि काही तासांतच दुर्बिणींना तो प्रकाश सापडला.